२०० किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी: वेगाच्या वाटेने गेलं की चकवा लागतो

प्रश्न: इलेक्ट्रॉन २०० किलोव्होल्टने त्वरित केला आहे. 12.27/√V या सूत्रात आकडा घातला तर तरंगलांबी ०.०२७४ अँगस्ट्रॉम येते. लॅबच्या भिंतीवरच्या तक्त्यात मात्र ०.०२५१ लिहिलंय. सापेक्षता लागत असेल म्हणून खरा वेग काढला (0.695c) आणि λ = h/mv मध्ये घातला, तर ०.०३४९ आले! दुरुस्ती करून उत्तर आणखी लांब गेलं. चुकतंय कुठे?

उत्तर:

तक्ता बरोबर आहे. तुम्ही काढलेला वेगसुद्धा अगदी बरोबर आहे. चूक आहे ती h/mv मधल्या m मध्ये. वेग सापेक्षतेचा घेतलात आणि वस्तुमान मात्र पुस्तकाच्या मागच्या पानावरचं, 9.109 × 10⁻³¹ किलोग्रॅम. दुरुस्ती अर्धीच झाली. आणि इथे अर्धी दुरुस्ती काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरते, कारण ती उत्तराला उलट्या दिशेने ढकलते. मी गेली बरीच वर्षं ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करतोय आणि नव्याने आलेल्या मुलांच्या वहीत हे तीन आकडे (२.७४, ३.४९ आणि २.५१ पिकोमीटर) इतक्यांदा पाहिलेत की आकडा बघूनच गाडी कुठे घसरली ते कळतं. पुढे मी पिकोमीटरच वापरतो. ०.०२५१ अँगस्ट्रॉम म्हणजे २.५१ पिकोमीटर, म्हणजे शून्यं मोजत बसायला नको.

डी ब्रॉग्लीचं नातं λ = h/p असं आहे. तरंगलांबीला फक्त संवेग कळतो. वेग किती, वस्तुमान किती, याच्याशी तिला थेट देणंघेणं नाही. mv हे संवेगाचं कमी वेगापुरतं रूप आहे. वेग प्रकाशाच्या वेगाच्या आसपास गेला की संवेग γmv होतो. २०० किलोव्होल्टला γ काढणं सोपं आहे: इलेक्ट्रॉनची विराम ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, गतिज ऊर्जा २००, म्हणून γ = 1 + 200/511 = 1.391. आता तुमच्या ३.४९ ला १.३९१ ने भागा. २.५१ येतात. तक्त्याशी हिशेब जुळला.

जुन्या पुस्तकांनी इथे थोडा घोळ घालून ठेवलाय, हेही सांगायला हवं. ‘वेगाबरोबर वस्तुमान वाढतं’ ही भाषा त्यांच्यात असे, आणि त्या भाषेत λ = h/mv बरोबरच होतं, कारण तिथला m हा वाढलेला m असायचा. नंतर ती भाषा मागे पडली, m म्हणजे विराम वस्तुमान असं ठरलं, पण सूत्र जसंच्या तसं पुढच्या पुस्तकांत उतरत राहिलं. त्यामुळे तुमची चूक तशी तुमची एकट्याची नाही. गंमत म्हणजे डी ब्रॉग्लीने १९२४ च्या प्रबंधात सुरुवातच सापेक्षतेपासून केली होती. साधं mv ही नंतरची सोय आहे.

उत्तर मिळालं, पण मनाला एक गोष्ट टोचत राहते आणि ती टोचायलाच हवी. जुन्या पद्धतीने, म्हणजे eV = ½mv² लावून, या इलेक्ट्रॉनचा वेग 0.885c येतो. खरा वेग 0.695c, म्हणजे चांगलाच कमी. मग इलेक्ट्रॉन हळू, संवेग कमी, तरंगलांबी जास्त, असं व्हायला हवं ना? तुमचा ३.४९ चा आकडा नेमकं हेच म्हणतोय. प्रत्यक्षात मात्र इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा हळू आहे आणि तरीही त्याचा संवेग अपेक्षेपेक्षा जास्त आहे. दोन्ही एकाच वेळी.

मला स्वतःला हे समीकरणातून पटलं नाही, पटलं ते घड्याळ लावून पाहिल्यावर. समजा, एक मीटर लांबीच्या पट्ट्यात २०० किलोव्होल्टचं एकसारखं विद्युतक्षेत्र आहे आणि इलेक्ट्रॉन एका टोकाला जवळजवळ स्थिर अवस्थेतून निघतो. क्षेत्र त्याला सतत एकाच बलाने ओढतंय. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. अंतर ठरलेलं, बल ठरलेलं, म्हणून ऊर्जा २०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच मिळणार, मग तो हळू जावो की जोरात. संवेग मात्र बल गुणिले वेळ. न्यूटनच्या हिशेबाने तो एक मीटर ७.५४ नॅनोसेकंदांत पार करेल. प्रत्यक्षात सापेक्षता त्याला तेवढा वेग घेऊ देत नाही, म्हणून त्याला ८.२५ नॅनोसेकंद लागतात. जास्त वेळ क्षेत्रात राहिला, तेवढा वेळ जास्त ढकलला गेला, म्हणून संवेग जास्त. ८.२५ ला ७.५४ ने भागा, १.०९४ येतात. तुमच्या २.७४ ला १.०९४ ने भागा, पुन्हा २.५१.

खऱ्या इलेक्ट्रॉन गनमध्ये एक मीटरचा एकसारखा पट्टा नसतो. एकापुढे एक इलेक्ट्रोड मांडून टप्प्याटप्प्याने व्होल्टेज चढवलेलं असतं आणि वेळेचे आकडे तिथे वेगळे येतील. अंतिम संवेग मात्र तोच, कारण एकूण ऊर्जा ठरली की संवेग ठरतो.

म्हणून माझा सल्ला असा की व्होल्टेज दिलेलं असेल तेव्हा वेग काढायच्या भानगडीत पडूच नका. व्होल्टेजवरून ऊर्जा, ऊर्जेवरून संवेग, संवेगावरून तरंगलांबी, असं सरळ जायचं. मधला रस्ता असा:

```
(pc)² = K² + 2·K·mc²
λ = hc / (pc)
```

K म्हणजे गतिज ऊर्जा, mc² म्हणजे ५११. सगळं किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये ठेवलं तर २०० साठी K² = ४०,००० आणि 2·K·mc² = २,०४,४००. बेरीज २,४४,४००, तिचं वर्गमूळ ४९४.४. म्हणजे संवेग ४९४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट भागिले c. hc ची किंमत १२३९.८४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट-पिकोमीटर. भागाकार २.५०८ पिकोमीटर. ज्यूल नाही, कूलंब नाही, दहाचे उणे चौतिसावे घात नाहीत. कागदावर दोन ओळींचं काम आहे.

यातली पहिली ओळ नीट पाहिली की तुमचं 12.27/√V कुठून येतं तेही दिसेल. K हा ५११ च्या मानाने अगदी लहान असला की K² चं पद नगण्य होतं, उरतं 2·K·mc², आणि त्यातून ते पाठ्यपुस्तकातलं सूत्र निघतं. २०० किलोव्होल्टला मात्र पहिलं पद ४० हजार आणि दुसरं दोन लाख चार हजार. पाचाला एक असं प्रमाण असताना त्याला नगण्य कसं म्हणायचं?

या जुन्या सूत्राचा आणखी एक त्रास म्हणजे ते चुकतंय हे कळतच नाही. ३०० किलोव्होल्टला ½mv² ने वेग काढलात तर 1.08c येईल आणि तुम्ही जागच्या जागी थांबाल. पण 12.27/√V मध्ये वेग कुठे दिसतच नाही. ते निमूटपणे २.२४ पिकोमीटर देऊन मोकळं होतं. खरं उत्तर १.९७ आहे. चूक जवळजवळ चौदा टक्क्यांची, आणि लाल दिवा कुठेच लागत नाही.

एकच सूत्र पाठ करायचं असेल तर हे करा. व्होल्टेज व्होल्टमध्ये घातलं की उत्तर नॅनोमीटरमध्ये मिळतं:

```
λ = 1.2264 / √( V·(1 + 0.9785e-6·V) )
```

आणि संगणकावर ठेवायचं असेल तर एवढं पुरे:

```python
from math import sqrt

def lam_pm(V):              # V in volts
    E0 = 510999.0           # eV
    hc = 1.239842e6         # eV·pm
    return hc / sqrt(V*V + 2*V*E0)

print(lam_pm(200e3))        # 2.508
```

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे K च्या जागी एकूण ऊर्जा, ७११, घालणं. K ही फक्त गतिज ऊर्जा, जी विभवांतरातून मिळाली तेवढीच. दुसरं म्हणजे λ = hc/E हे फोटॉनचं सूत्र इलेक्ट्रॉनला लावणं. त्याने २०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ६.२ पिकोमीटर येतात. ती तेवढ्या ऊर्जेच्या क्ष-किरणाची तरंगलांबी झाली, इलेक्ट्रॉनची नव्हे. तुमच्या उत्तरात कधी ६.२ दिसलं तर चूक कुठे झाली हे लगेच समजून जा.

आता, ही दुरुस्ती दर वेळी करायची का? हे तुम्ही किती व्होल्टेजवर आहात आणि तुमचं मापन किती बारीक आहे, यावर आहे. मी डोक्यात एक साधा ठोकताळा ठेवतो: किलोव्होल्टच्या आकड्याला वीसने भागा, जुन्या सूत्राची तेवढे टक्के चूक. १०० किलोव्होल्टला साधारण पाच टक्के (नेमकं काढलं तर ४.८). २०० ला दहाच्या जवळ (नेमके ९.३). पाच किलोव्होल्टला पाव टक्का. त्याहून वर, मेगाव्होल्टकडे गेलात की ठोकताळा सोडा आणि नीट हिशेब करा.

शिकवण्याच्या प्रयोगशाळेत ग्रॅफाइटचा पातळ थर असलेली जी विवर्तन नळी असते ती चार-पाच किलोव्होल्टवर चालते. पडद्यावरच्या प्रकाशमान कडीचा व्यास पट्टीने मोजायचा, कडी अंमळ जाड आणि पुसट, अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे सहज होतो. चार किलोव्होल्टला आतली कडी साधारण पंचवीस मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे मोजण्यातच दोन टक्के गेले. तिथे पाव टक्क्यासाठी सापेक्षता आणणं म्हणजे नुसती हौस. डेव्हिसन आणि जर्मर यांच्या १९२७ च्या प्रयोगात तर फक्त ५४ व्होल्ट होते. सूत्राने १६७ पिकोमीटर आणि निकेलच्या स्फटिकावरून ५० अंशांत मिळालेल्या शिखरावरून १६५. हे जे दोन पिकोमीटर उरले त्यांचा सापेक्षतेशी काही संबंध नाही. या दोन प्रयोगांवरच आपण सगळे वाढलो, म्हणून 12.27/√V हाताशी पक्कं बसलं. मायक्रोस्कोपच्या खोलीत मात्र ते बाहेर ठेवून यावं.

मायक्रोस्कोपवर चुकीची तरंगलांबी वापरली तर कळतं का? बहुतेक वेळा कळत नाही. का कळत नाही ते सांगतो, कारण मी स्वतः त्यात वर्षभर अडकलो होतो.

इलेक्ट्रॉन विवर्तनात कडीची त्रिज्या R, स्फटिकातल्या प्रतलांमधलं अंतर d, तरंगलांबी λ आणि कॅमेरा लेंग्थ L, म्हणजे नमुन्यापासून पडद्यापर्यंतचं परिणामी अंतर, यांचं नातं R·d = λ·L असं आहे. आपण आधी सोन्याच्या पातळ थराची कडी मोजतो. सोन्याचं d माहीत असतं: पहिल्या कडीसाठी ०.२३५५ नॅनोमीटर. त्यावरून λL काढतो आणि मग अनोळखी नमुन्याच्या कड्या मोजून त्यांचे d काढतो. आता बघा, सोन्याची कडी ८.५२ मिलिमीटर आली. ८.५२ गुणिले ०.२३५५ म्हणजे गुणाकार २.००६. खरी तरंगलांबी ०.००२५०८ नॅनोमीटर घेतली तर L येतो ८०० मिलिमीटर. चुकीची ०.००२७४२ घेतली तर L येतो ७३२ मिलिमीटर. L चुकला, λ चुकली, पण दोघांचा गुणाकार तोच राहिला. पुढे येणारे सगळे d चोख बरोबर. एका चुकीने दुसरीला झाकलं.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये कुणीतरी (म्हणजे मीच, पण ते तेव्हा आठवत नव्हतं) √V चं सूत्र घालून ठेवलं होतं. २०० किलोव्होल्टवर वर्षभर सगळं सुरळीत चाललं. यंत्राच्या पॅनेलवर कॅमेरा लेंग्थ ८०० दाखवत होती आणि माझा हिशेब ७३२ देत होता. पण पॅनेलवरचा आकडा नावापुरताच असतो, प्रत्येक यंत्रात तो काही टक्के इकडेतिकडे असतोच, असं म्हणून मी सोडून दिलं. तिथेच थांबायला हवं होतं.

मग एकदा कार्बनचा अतिशय पातळ थर बघायचा होता. २०० वर कार्बनचे अणू उडून जातात, म्हणून व्होल्टेज ८० किलोव्होल्टवर आणलं. सोन्याचा नमुना पुन्हा लावायचा कंटाळा केला आणि स्प्रेडशीटमध्ये फक्त व्होल्टेज बदललं. ग्रॅफाइटच्या कडीचं d ०.२१३ नॅनोमीटर यायला हवं. कडी होती १५.६ मिलिमीटरवर, d आलं ०.२०३. साडेचार टक्के कमी. दुपारभर नमुन्याला दोष दिला. कार्बनचा थर ताणला गेला असेल, दाबला गेला असेल, असलं बरंच काही. एका सहकाऱ्याने नुसतं विचारलं, “८० ला लॅम्डा किती घेतलास?” मी ४.३४ म्हणालो. तो म्हणाला, “४.१८ ना?” संपलं.

आकडे घालून पाहा. चुकीच्या सूत्राने ८० किलोव्होल्टला ४.३३६ पिकोमीटर, खरी ४.१७६. २०० वर चूक ९.३ टक्के होती, ८० वर ३.८ टक्के. दोन्हीकडची चूक सारखी असती तर ती तशीच झाकलेली राहिली असती. ती वेगळी आहे म्हणून उघडी पडली. खरी λ आणि खरा L घेतल्यावर d आलं ०.२१४. उरलेला अर्धा टक्का मात्र तरंगलांबीचा नव्हता. व्होल्टेज बदललं की भिंगांचे प्रवाह बदलतात आणि कॅमेरा लेंग्थ तंतोतंत तीच राहत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सोनं लावून ८० वरचं अंशांकन वेगळं केलं, जे आधीच करायला हवं होतं.

यावरून तुमच्याकडची तपासणी कशी करायची तेही निघतं. एकाच नमुन्याची एकच कडी २०० आणि १०० किलोव्होल्टवर मोजा. जुनं सूत्र खरं असेल तर कडी √2 पट, म्हणजे १.४१ पट मोठी व्हावी. खऱ्या तरंगलांब्या २.५०८ आणि ३.७०१ आहेत, म्हणून ती १.४८ पट होते. सुमारे ४.४ टक्क्यांचा हा फरक चांगल्या कडीवर सहज दिसतो. पण भिंगांचं मघाशी म्हटलं ते इथेही आहे. L एका टक्क्याने हलला तर निकालात एक टक्का मिसळणार. नमुना आणि पडदा यांच्यामध्ये भिंगच नसलेली विवर्तन नळी एवढ्या व्होल्टेजची मिळाली तर हा प्रयोग निर्भेळ होतो. मायक्रोस्कोपवर तो ‘१.४१ नक्कीच नाही’ एवढं ठामपणे सांगतो, तिसऱ्या अंकावर त्याचा भरवसा धरू नये.

λ एकटी उभी असते, L चा आडोसा नसतो, तिथे चूक लगेच बोलते. उदाहरणार्थ डीफोकस, म्हणजे नेमक्या फोकसपासून आपण किती दूर आहोत ते, मोजताना. पातळ अस्फटिक कार्बनच्या चित्राचं फूरिए रूपांतर घेतलं की त्यात काळ्या-पांढऱ्या कड्या दिसतात. गोलीय दोषाचं पद लहान आहे असं धरलं तर पहिली काळी कडी λ·Δf·k² = 1 या अटीवर पडते. Δf म्हणजे डीफोकस आणि k म्हणजे त्या रूपांतरात मोजलेली कडीची त्रिज्या. ती k = 1 प्रति नॅनोमीटरवर दिसली असं समजा. खऱ्या λ ने डीफोकस ३९९ नॅनोमीटर येतो, 12.27/√V ने ३६५, आणि तुमच्या ३.४९ ने २८७. चित्र एकच, फोकस तीन. यंत्राची फोकसची घुंडी किती फिरवली ते माहीत असेल तर कोणता आकडा बरोबर ते लगेच दिसतं.

शेवटी दोन गोष्टी, परिस्थितीवर अवलंबून असलेल्या.

वर म्हटलं की वेगाच्या वाटेने जाऊ नका, ते व्होल्टेज माहीत असताना. काही ठिकाणी वेगच मोजलेला असतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्याला व्होल्टेजने ढकलता येत नाही. तिथे ठरावीक अंतर कापायला किती वेळ लागला ते मोजतात, म्हणजे हातात येतो तो वेगच. सेकंदाला २२०० मीटर वेगाच्या न्यूट्रॉनला λ = h/mv सरळ लावा, १८० पिकोमीटर येतात आणि ते बिनचूक असतात, कारण हा वेग प्रकाशाच्या वेगाच्या लाखाव्या भागाहूनही कमी आहे. तुमचं h/mv तिथे राजा आहे. प्रोटॉनचंही तसंच. २०० किलोव्होल्टने त्वरित केलेल्या प्रोटॉनची विराम ऊर्जा ९३८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, तिच्यापुढे २०० किलो म्हणजे किस झाड की पत्ती. दुरुस्ती टक्क्याच्या दोनशेव्या भागाएवढी येते. तरंगलांबी मात्र इलेक्ट्रॉनच्या मानाने फारच लहान, ०.०६४ पिकोमीटर. म्हणजे ‘व्होल्टेज जास्त आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. गतिज ऊर्जा त्या कणाच्या स्वतःच्या विराम ऊर्जेच्या मानाने किती, एवढंच विचारायचं. आणि अल्फा कणासारखा दोन भारांचा कण असेल तर K काढताना व्होल्टेजला दोनाने गुणायला विसरू नका.

दुसरी गोष्ट, ‘२०० किलोव्होल्ट’ हा आकडा स्वतः किती खरा? पॅनेलवर २०० लिहिलं म्हणजे २००.००० असतंच असं नाही. व्होल्टेज एक किलोव्होल्टने इकडेतिकडे असेल तर २०० च्या आसपास तरंगलांबी ०.३ टक्क्यांनी बदलते. विवर्तनातले d काढायला हे चालून जातं, कारण सोन्याने अंशांकन केलं की तेही त्यात सामावतं. म्हणून तक्त्यातले २.५०७९ असे चार-चार दशांश वहीत उतरवून फारसं काही साधत नाही. २.५१ लिहा.

तुमच्या वहीतल्या ०.०३४९ च्या ओळीत फक्त एक γ घाला, बाकी सगळं राहू द्या. आणि स्प्रेडशीटमध्ये कुठे 12.27 दडून बसलाय का, तेवढं आजच शोधा.